क्रोशाची पाकळी टाक्यांच्या उंचीतून येते, आणि सपाट बसते ती आधी धुतलेल्या कापडावर

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी नातीच्या फ्रॉकवर चार फुलं लावून मागितली, तेव्हा मी क्रोशाची सुई धरून जेमतेम तीन महिने झाले होते. पांढरा सुती दोरा नंबर १० जांभळी नाक्यावरून आणला, घरात दीड मिलिमीटरची सुई होतीच.

माझी पहिली फुलं फुलांसारखी दिसत नव्हती, कारण पाकळीतले पाचही टाके मी खांबच घालत होते. पाकळी वर सपाट आणि चौकोनी व्हायची. मुका खांब साधारण एका साखळीइतका उंच असतो, अर्धा खांब दोन आणि खांब तीन साखळ्यांइतका. ही उंची चढवत न्यायची आणि मग उतरवायची, की गोलाई आपोआप येते.

मी अजूनही याच रीतीने विणते. दोऱ्याच्या ओढून बंद होणाऱ्या फासात १० मुके खांब घालून स्लिप स्टिचने गोल जोडा. पुढच्या एकाच टाक्यात मुका, अर्धा, खांब, अर्धा, मुका असे पाच टाके घाला आणि त्यापुढच्या टाक्यात स्लिप स्टिच. असं पाच वेळा केलं की पाच पाकळ्या होतात. स्लिप स्टिचला जवळजवळ उंचीच नसते, म्हणून दोन पाकळ्यांमध्ये खाच पडते. तो टाका विसरला, तर पाकळ्या एकमेकींत मिसळतात. इंग्रजी नमुना वाचताना तो ब्रिटिश आहे की अमेरिकन हे आधी बघा. ब्रिटिश ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन ‘डबल’ म्हणजे खांब.

फूल टेबलावर ठेवून बघा. वाटीसारखं वळत असेल तर हात घट्ट आहे. पाकळ्या एकमेकींवर चढत असतील तर टाके जास्त झालेत. थोडंसं वळण असेल तर ओलं करून, प्रत्येक पाकळीच्या टोकाला टाचणी लावून वाळवा. पावसाळ्यात ठाण्यात याला दीड दिवस लागतो, घाई करू नका.

काकूंच्या फ्रॉकवर मी फुलं सरळ शिवली. पहिल्या धुण्यात कापड आटलं, फुलं आटली नाहीत, आणि पाकळ्यांखाली फुगे आले. चारही फुलं उसवली. आता कापड आधी धुऊन, इस्त्री करूनच घेते, आणि ते भरतकामाच्या रिंगमध्ये ताणत नाही, कारण रिंग काढली की ताणलेलं कापड परत आखडतं आणि फूल उचललं जातं.

शिवायला क्रोशाचा जाड दोरा घेऊ नका, फुलाच्याच रंगाचा शिलाईचा दोरा घ्या. आधी मधोमध चार टाके घालून फूल पक्कं करा. मग प्रत्येक पाकळीच्या कडेमागचा एकच धागा सुईत उचला, वरची वेणी सोडून, आणि सुई लगेच शेजारी कापडात उतरवा. पाकळीच्या टोकाला एक टाका आणि दोन्ही बाजूंना एकेक पुरतो. दोरा ओढताना पाकळी हलली, तर तो टाका सैल करा. काकूंच्या फ्रॉकवर दुसऱ्या वेळी एका फुलाला २० मिनिटं लागली.