नंबर पोर्ट करायचाय? आधी बिलाची तारीख बघा, मग १९०० ला मेसेज टाका

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे २०११ पासून आहे आणि जुलै २०१५ पासून तर देशात कुठेही चालते. आता त्यासाठी दुकानात जायचीही गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं, सिम घरी येतं. तरी कितीतरी लोकांचं पोर्टिंग पहिल्या फटक्यात अडकतं. बहुतेक वेळा दोष नव्या कंपनीचा नसतो, लोक पोर्टिंगसाठी लागणारा कोड आधी मागतात आणि बाकीचं नंतर बघतात, तिथे गडबड होते. म्हणून मी उलट्या क्रमाने सांगतो, कोड सगळ्यात शेवटी मागायचा.

आधी बघा की तुमचा नंबर पोर्टिंगसाठी मोकळा आहे का. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले हवेत, नवीन नंबर घेतला असेल किंवा मागच्या वेळी पोर्ट केला असेल तरी हेच ९० दिवस. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज चालू असेल तर तो आधी पूर्ण होऊ द्या. आणि सिम हरवलं, खराब झालं म्हणून नुकतंच बदलून घेतलं असेल तर ७ दिवस थांबा, १ जुलै २०२४ पासून हा नियम आहे. कोणीतरी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून लगेच नंबर दुसरीकडे पळवू नये म्हणून तो आणलाय, त्यामुळे कस्टमर केअरशी कितीही भांडलात तरी सूट मिळणार नाही. ऑफिसने दिलेला कॉर्पोरेट नंबर असेल तर कंपनीचं परवानगीपत्र लागतं, ते आधी एचआरकडून घ्या.

आता बिल. प्रीपेडवाल्यांना थकबाकीची भानगडच नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की जुना टॉकटाइम आणि पॅकचे उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत, सगळं जातं. म्हणून वर्षाचा रिचार्ज मारून पुढच्या महिन्यात पोर्ट करू नका, पॅक संपत आला की करा. पण पूर्ण संपू देऊ नका, कारण कोडचा मेसेज त्याच सिमवर यायचाय आणि पोर्टिंग होईपर्यंत तेच सिम चालू राहायचंय.

पोस्टपेडवाल्यांनी मात्र इथे नीट वाचा. नियम असा की नेहमीच्या बिलिंग सायकलप्रमाणे जे बिल निघालंय ते भरलेलं पाहिजे. चालू महिन्याचा वापर, ज्याचं बिल अजून निघालंच नाही, तो आड येत नाही. आणि गडबड नेमकी या दोघांच्या मधल्या तारखांना होते.

माझ्या मामेभावाचंच उदाहरण घ्या, तो पुण्यात असतो, पोस्टपेड नंबर, कंपनीचं नाव सांगत नाही. त्याचं सायकल १ तारखेला सुरू होतं, बिल ५ ला निघतं, भरायची शेवटची तारीख २२. आदल्या महिन्याचं बिल त्याने वेळेत भरलेलं होतं. ६ तारखेला, रविवार होता, त्याने पोर्टचा मेसेज टाकला तर कोडऐवजी उत्तर आलं की थकबाकी आहे. तो वैतागला, म्हणे मी तर सगळं भरलंय. पण आदल्याच दिवशी ५८८ रुपयांचं नवीन बिल निघून ईमेलमध्ये पडलेलं, ते त्याने उघडलंच नव्हतं. शेवटच्या तारखेला अजून सोळा दिवस होते हे खरं, पण बिल निघालं म्हणजे ते भरून मोकळं व्हायचं, तारखेवर वाद घालत बसायचं नाही. त्याने लगेच कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून ५८८ भरले, पूर्ण, एक रुपयाही कमी नाही, आणि सोमवारी संध्याकाळी ॲपमध्ये बाकी शून्य दिसली तेव्हाच पुन्हा मेसेज टाकला. यावेळी कोड लगेच आला.

यातून वेळ कशी निवडायची ते कळतं. नवीन बिल निघालं की ते भरा, खात्यात बाकी शून्य दिसेपर्यंत एखादा दिवस थांबा आणि मग कोड मागा. पुढचं बिल निघायच्या आदल्या दिवशी कोड मागायला जाऊ नका. दुसऱ्या कुठल्या पेमेंट ॲपवरून भरलं तर पैसे कंपनीच्या खात्यात दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून शक्यतो कंपनीच्याच ॲपवर किंवा वेबसाइटवर भरा. आणि ऑटोपे लावलेला असेल तर लगेच बंद करू नका, शेवटचं बिल अजून यायचंय, त्याचं पुढे सांगतो.

बाकी शून्य झाली की जो नंबर पोर्ट करायचाय त्याच सिमवरून हा मेसेज १९०० ला पाठवायचा, मध्ये एक स्पेस आणि पुढे दहा आकडी नंबर:

```
PORT 98XXXXXXXX
```

फोनमध्ये दोन सिम असतील तर मेसेज पाठवताना कुठलं सिम निवडलंय ते बघा, दुसऱ्याच सिमवरून गेला तर कोड येणारच नाही आणि तुम्ही नेटवर्कला दोष देत बसाल. पॅकमध्ये एसएमएस नाहीत म्हणून मेसेज जात नाही ही तक्रार पूर्वी खूप असायची, पण दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच सगळ्या कंपन्यांना बजावलंय की पॅक कुठलाही असो, १९०० ला मेसेज जाऊ द्यायचा. तरीही जात नसेल तर सरळ कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या.

उत्तरात ८ अक्षर-आकड्यांचा यूपीसी येतो, हाच तो पोर्टिंग कोड. मेसेजमध्ये तो कधीपर्यंत चालेल तेही दिलेलं असतं. महाराष्ट्र, गोवा आणि देशात बहुतेक ठिकाणी ४ दिवस, फक्त जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे ३० दिवस. म्हणूनच म्हणतो की प्लॅन आधी ठरवा, तुमच्या घरात नव्या कंपनीचं नेटवर्क येतं का ते शेजाऱ्याच्या फोनवर बघून घ्या, आणि मग कोड मागा. कोड आल्यावर विचार करत बसलात तर ४ दिवस असेच निघून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून.

कोड मिळाला म्हणजे मोठा अडथळा पार झाला, कारण डिसेंबर २०१९ मध्ये पद्धत बदलल्यापासून ९० दिवस, थकबाकी वगैरे सगळं कोड देण्याआधीच तपासतात. आधी कोड कोणालाही मिळायचा आणि अर्ज नंतर फेटाळला जायचा, ते आता खूप कमी झालंय. पण हा कोड ओटीपीसारखाच जपा. "कंपनीतून बोलतोय, नेटवर्क अपग्रेडसाठी कोड सांगा" असा फोन आला तर कट करा.

मग नव्या कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये जा, पोर्टचा पर्याय निवडा, नंबर टाका, ओटीपी टाका, प्लॅन निवडा, पत्ता आणि सिम घरी यायची वेळ द्या. कोड टाकताना मेसेजमधून कॉपी-पेस्ट करा, एक अक्षर चुकलं तर अर्ज परत येतो. काही कंपन्यांत हा कोड सिम घेऊन येणारा माणूस समोर विचारतो, म्हणून मेसेज डिलीट करू नका. तो माणूस आधारवरून केवायसी करतो, फोटो काढतो आणि नवीन सिम देतो. ते सिम लगेच चालत नाही, जुनं सिमच फोनमध्ये राहू द्या. पोर्टिंगची फी साडेसहा रुपयांच्या आसपास असते आणि बऱ्याच कंपन्या तीही घेत नाहीत, त्यामुळे कोणी पोर्टिंग चार्ज म्हणून शंभर-दोनशे मागत असेल तर कशाचे ते विचारा.

किती दिवस लागतात हे सर्कलवर, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागावर आहे. त्याच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल तर ५. इथे आपल्याकडच्या लोकांची फसगत होते, कारण मुंबई हे वेगळं सर्कल आहे, त्यात नवी मुंबई आणि कल्याणकडचा भागही येतो, आणि बाकीचा महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. म्हणजे पुण्याहून पणजीला गेलात तर सर्कल तेच, पण पुण्याहून ठाण्याला राहायला गेलात आणि तिथलं सिम घेतलं तर सर्कल बदललं, ५ दिवस धरा.

मामेभावाचं सर्कल तेच होतं. सोमवारी ७ ला कोड, मंगळवारी ८ ला सिम घरी आलं आणि केवायसी झाली, आणि शुक्रवारी ११ च्या पहाटे नंबर नव्या कंपनीत गेला. तारीख-वेळेचा मेसेज जुन्या सिमवर आधीच आलेला. बदल रात्री होतो आणि त्या दरम्यान जास्तीत जास्त ४ तास फोन बंद राहू शकतो. जुन्या सिमचं नेटवर्क गेलं की समजायचं वेळ आली, नवीन सिम टाकायचं, फोन एकदा बंद-चालू करायचा. त्या रात्री बँकेचं किंवा तिकिटाचं ओटीपीवालं काही काम ठेवू नका, आणि घरात कोणी आजारी असेल तर दुसरा एक नंबर चालू असू द्या. सकाळी यूपीआय ॲप पुन्हा नंबर पडताळायला मागतात, त्यासाठी फोनमधून एसएमएस जावा लागतो, म्हणून नव्या सिमचा पॅक आधी सुरू झालाय का ते बघा. व्हॉट्सॲप तसंच चालू राहतं.

मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत हा मेसेज १९०० ला पाठवा, नंतर रद्द होत नाही:

```
CANCEL 98XXXXXXXX
```

आता ते शेवटचं बिल. पोस्टपेडमध्ये मागचं बिल संपल्यापासून पोर्ट झाल्याच्या दिवसापर्यंतचा वापर जुनी कंपनी नंतर पाठवते, मामेभावाला १ ते ११ तारखेचं आलं. बरेच लोक म्हणतात आता आपला काय संबंध, नाही भरत. तसं करू नका. जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवते, मग नोटीस येते, आउटगोइंग बंद होतं आणि तरीही नाही भरलं तर नंबरच बंद होतो, तुम्ही नव्या कंपनीचे पैसे वेळेवर भरत असाल तरीही. जुनं ॲप पोर्टनंतर कधीकधी लॉगिन होत नाही, म्हणून ईमेलवर बिल येतंय ना ते आधीच बघून ठेवा, बिल भरा, पावती जपा आणि मगच ऑटोपे बंद करा. डिपॉझिट भरलं असेल तर ते त्या बिलात वळतं केलंय का तेही तपासा आणि उरलेले पैसे मागून घ्या.