डोनट बाहेरून काळपट, आतून कच्चा: तळताना या चुका टाळा

मैदा चांगला, यीस्ट ताजं, पीठ झकास फुगलेलं, आणि तरी डोनट मोडला की मधे चिकट गोळा. अशा वेळी नव्या मंडळींचा पहिला संशय यीस्टवर, दुसरा मैद्यावर. तेलाकडे कुणी बघतच नाही. आपल्याकडे घरोघरी पुऱ्या, भजी, शंकरपाळे तळले जातात, त्यामुळे तळणं काय शिकायचं, असं सगळ्यांनाच वाटतं. नेमकी तीच सवय इथे आडवी येते. पुरी पातळ असते, काही सेकंदांत आरपार शिजते. यीस्टचा डोनट फुगल्यावर दोन-अडीच सेंटिमीटर जाड होतो आणि त्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ द्यावाच लागतो.

धूर निघाला म्हणजे तेल तापलं?

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हट्टी चूक. डोनटला तेल हवं साधारण 180 अंश सेल्सिअस. ताजं रिफाइंड सोयाबीन किंवा सूर्यफूल तेल धूर सोडायला लागतं ते 220च्याही पुढे. म्हणजे धूर दिसला तेव्हा गाडी कधीच स्टेशन सोडून गेलेली असते. त्यात वापरलेलं तेल त्याआधीच धुरकटतं, त्यामुळे ही खूण दर वेळी वेगळी निघते. पिठाची गोळी टाकून बघायची पद्धतही इथे कामाची नाही. गोळी 165 ला बुडबुडे काढत वर येते आणि 200 लाही येते. तेल गरम आहे एवढंच ती सांगते, किती गरम ते नाही.

200 अंशांत पडलेल्या डोनटला अर्ध्या मिनिटात गडद रंग येतो. डोळ्याला वाटतं झाला, हात घाईने उलटवतो, आणि जेमतेम मिनिटभरात तो झाऱ्यावर येतो. पण आतल्या पिठात पाणी आहे. बाहेर तेल कितीही तापलेलं असलं तरी ते पाणी आहे तोवर मधला भाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि तो शिजायला 90च्या आसपास पोचावा लागतो. तेल 20 अंशांनी वाढवलं की रंग फार लवकर येतो. मधला भाग मात्र तेवढ्या घाईने शिजत नाही. उलट 155–160 वर ठेवलं तर वरचा पापुद्रा लवकर धरत नाही, रंगाची वाट बघत डोनट तेलात पडून राहतो आणि शेवटी हातात येतो तो तेलकट, सुरकुतलेला.

लातूरच्या एका ताईंचं उदाहरण घ्या. घरूनच केक-बिस्किटांच्या ऑर्डर घेणाऱ्या. मे महिन्यात वाढदिवसासाठी 30 डोनटची ऑर्डर आली. प्रत्येकी 50 ग्रॅमचे कापले आणि उन्हाळ्यात जास्त फुगू नयेत म्हणून ताटं फ्रीजमध्ये ठेवली. गोल बुडाच्या कढईत लिटरभर तेल, धूर निघेपर्यंत तापवलेलं, आणि फ्रीजमधून काढले की पाच-पाच डोनट थेट तेलात. पहिला घाणा करपला. आच कमी केली. दुसऱ्या घाण्याला रंगच येईना, डोनट तेल पिऊन जड झाले. आच वाढवली. तिसरा घाणा वरून छान, मोडला तर आत कच्चा. दुसऱ्या दिवशी त्यांनी यीस्ट बदललं!

यीस्टचा काही संबंध नव्हता. पाच डोनट म्हणजे पाव किलो थंडगार पीठ. ते एक लिटर तेलात एकदम पडलं की तापमान धाडकन उतरतं आणि घरगुती शेगडीला ते परत चढवायला बराच वेळ लागतो. शिवाय डोनटचा मध्य 30 अंशांवरून नाही, सात-आठ अंशांवरून तापायला सुरुवात करतो. नेहमीच्या वेळेत तो शिजणार कसा?

त्यांची घडी अशी बसली. कढई तीच, पण तेल दोन लिटर. तेल 183–185 वर नेलं की तीनच डोनट सोडायचे. तेल आपोआप 175च्या आसपास येतं. तेव्हा आच थोडी मोठी करायची आणि 180 जवळ आलं की परत मध्यम. एका बाजूला 70 ते 75 सेकंद, उलटवून तेवढेच. घाणा काढला की तेल पुन्हा 183 दाखवेपर्यंत थांबायचं. असा एक घाणा साधारण चार मिनिटांचा होतो, म्हणजे 15 डोनटला 20 मिनिटं. म्हणून 30 एकदम कापायचे नाहीत. पंधरा कापून फुगायला ठेवायचे, उरलेलं पीठ गोळ्यानेच फ्रीजमध्ये ठेवायचं आणि ते 20 मिनिटांनी लाटायला घ्यायचं. थंड पीठ फुगायला थोडं जास्त घेतं, तेवढं अंतर चालतं. कापलेले डोनट फ्रीजमध्ये ठेवावेच लागले, तर तळण्याआधी बाहेर काढून त्यांचा गारवा पूर्ण जाऊ द्यायचा.

हे सगळं थर्मामीटरशिवाय जमत नाही. काही शेकड्यांत मिळणारा सळईचा थर्मामीटर पुरतो. त्याचं टोक तेलाच्या मध्यावर धरा. बुडाला टेकलं तर तो कढईचं तापमान सांगतो. बंदुकीसारखा लेझरवाला फक्त वरचा थर वाचतो, म्हणून आधी तेल झाऱ्याने हलवून घ्या. इंडक्शनवर 180 चं बटण दाबून निश्चिंत होणारेही पुष्कळ आहेत. ती शेगडी काचेखालून भांड्याच्या बुडाचा अंदाज घेते, तेलाचा नाही. महागडा मिक्सर घेतात आणि थर्मामीटरला नाही म्हणतात, हा हिशोब काही कळत नाही.

आणखी एक. पिठात साखर आणि दूध पावडर सढळ असेल तर 180 लाही रंग लवकर चढतो. अशा पिठाला 172–175 धरा आणि बाजूमागे 10–15 सेकंद वाढवा. शिजला की नाही हे बघायला एक डोनट मोडायचा, पण पाच मिनिटं थांबून. गरम असताना मोडलेला शिजलेला डोनटही ओलसर वाटतो आणि लोक उगाच बाकीचे जास्त तळतात.

मधली पांढरी पट्टी गायब, किंवा एकीकडे जाड, एकीकडे बारीक

डोनटच्या कमरेला फिरणारी ती फिकी पट्टी नुसती शोभेची नाही. नीट फुगलेला डोनट हलका असतो, तेलात अर्धा बुडतो, अर्धा वर राहतो. दोन्ही बाजू तळल्यावरही मधला जो भाग तेलाच्या पातळीशी राहतो त्याला रंग लागत नाही. त्यामुळे पट्टी बघून पीठ किती फुगलं होतं ते सांगता येतं.

पट्टी अजिबात नाही किंवा दोऱ्यासारखी आहे, तर डोनट कमी फुगलेला होता. जड असल्यामुळे तो खोल बुडाला आणि कमरही तेलात तळून निघाली. असा डोनट आतूनही दाट असतो आणि 180 च्या तेलातही कच्चा राहू शकतो. पट्टी फार रुंद आहे आणि गार झाल्यावर कंबर चुरगळून आत ओढली गेली, तर तो जास्त फुगलेला होता. या दोन्हींचं खापर तेलावर फोडू नका.

घड्याळ लावून फुगवणं मराठवाड्यात चालत नाही. मे महिन्यात लातूर-बीडकडच्या स्वयंपाकघरात कापलेला डोनट 20–25 मिनिटांत तयार होतो. जानेवारीत परभणीच्या थंडीत त्यालाच तास-सव्वा तास लागतो. पुस्तकातली 45 मिनिटं दोन्हीकडे चुकीची. बोट मैद्यात बुडवून डोनटच्या बाजूला हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. सावकाश भरत येऊन बारीकशी खूण उरली की तेलात सोडा. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला; असे डोनट आधी तळून टाका, मागचे तरी वेळेत सापडतील.

उन्हाळ्यातली कोरडी हवा वेगळाच त्रास देते. डोनटवर कोरडी साल धरते, तेलात तो नीट फुलत नाही आणि कमरेवर तडे जातात. पंख्याखाली ताट ठेवू नका. वर मोठा डबा किंवा परात पालथी घाला. ओलं फडकं थेट टाकलं तर चिकटतं.

पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आली, तर दोष लाटण्यात नाहीतर उचलण्यात आहे. लाटी सगळीकडे 12 मिलिमीटर हवी. लाटून झालं की पाच मिनिटं तशीच सोडा, मगच कापा. नाहीतर पीठ आखडतं आणि डोनट लंबगोल होतो. कापलेला प्रत्येक डोनट बटर पेपरच्या छोट्या चौकोनावर ठेवून फुगवा. फुगलेला डोनट बोटांनी उचलला की बोटाखालची हवा बसते, तिथे तो जड होतो आणि तेलात त्याच अंगाला कलतो. कागदासकट तेलाजवळ न्या, कागद वर येईल असा पालथा सोडा आणि काही सेकंदांत सुटलेला कागद चिमट्याने काढून घ्या. फुगताना वर असलेली बाजू अशी आधी तळली जाते, आणि खालची सपाट, मऊ बाजू वर राहून मोकळेपणी फुगते.

आता पुरीवाल्या हाताबद्दल. झाऱ्याने वरून तेल उडवायची सवय इथे सोडावीच लागते. पुरी त्याने फुगते. डोनटची वरची बाजू मात्र वेळेआधी घट्ट होते, फुगायची थांबते आणि पट्टीवर तपकिरी डाग पडतात. सारखं उलटसुलट करणंही तसंच. एकदाच उलटवायचा. तो सरळ राहत नसेल आणि परत परत पहिल्या बाजूवर कलंडत असेल, तर पहिली बाजू जास्त वेळ तळली गेली.

बाकीच्या, थोडक्यात

लाटताना लावलेला जास्तीचा मैदा ब्रशने झटका. तो तळाशी जळतो आणि पुढच्या घाण्याच्या पट्टीवर काळे ठिपके होऊन बसतो.

भज्यांच्या तेलात डोनट तळू नका. ओव्याचा वास जात नाही आणि रंग लवकर चढतो. करडई किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल चवीला उत्तम, पण इथे त्याचा वास वरचढ होतो आणि फेसही येतो; रिफाइंडच घ्या.

फुगायला वेळ नाही म्हणून सोडा टाकायचा असेल तर खुशाल टाका, पण मग त्याला यीस्टचा डोनट म्हणू नका आणि पट्टीची अपेक्षाही ठेवू नका.

काढलेले डोनट कागदावर एकावर एक रचू नका. जाळीवर सुटे ठेवा. खालून वाफ निघाली नाही तर बूड ओलं होतं. साखरेत घोळवायचे असतील तर दोन मिनिटांनी, चॉकलेटमध्ये बुडवायचे असतील तर पूर्ण गार झाल्यावर.