ब्लँकेट, उश्या आणि मऊ खेळणी मशीनला लावण्याआधी

सगळ्यात आधी ब्लँकेट कोरडं असतानाच ड्रममध्ये टाकून बघा. पावडर, प्रोग्रॅम, पाणी सगळं नंतर. ही चाचणी बहुतेक जण गाळतात, आणि दार बंद होऊन पाणी भरल्यावर ती करता येत नाही. फ्रंट लोडचं दार तेव्हा कुलूपबंद असतं. पाणी काढून ते उघडलं तरी दुप्पट-तिप्पट जड झालेलं, निथळणारं ब्लँकेट बाहेर ओढायचं आणि त्याच अवस्थेत ते ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

चाचणी दोन मिनिटांची आहे. ब्लँकेट सैल घड्यांनी आत सोडा. कोंबू नका, दाबू नका. फ्रंट लोड असेल तर ब्लँकेट आणि ड्रमचं छत यांच्या मधून हाताचा तळवा उभा, अंगठा वर करून सहज आत गेला पाहिजे. मग ड्रम हाताने एक फेरा फिरवा. ब्लँकेट वर जाऊन खाली पडलं तर ते धुतलं जाईल. ड्रमला चिकटून गठ्ठ्यासारखं नुसतं गोल फिरलं, किंवा दाराच्या काचेवर दाबून बसलं, तर ते धुतलं जाणार नाही. कपडा पडतो, आपटतो, पिळला जातो, म्हणून मळ निघतो. जागाच नसेल तर बाहेरचा थर भिजतो आणि मधला घडीतला भाग कोरडा राहतो. धुऊन काढल्यावर घडीच्या आत पावडरचे पांढरे पट्टे दिसले की कारण हेच, पावडरीचा दोष नव्हे.

मशीनवर लिहिलेल्या किलोंवर भिस्त ठेवू नका. ७ किलो म्हणजे कोरडे सुती कपडे, तेही कॉटन प्रोग्रॅमवर. ब्लँकेट, सिंथेटिक किंवा नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅमची मर्यादा बरीच कमी असते, काही मशीनमध्ये निम्म्याहूनही कमी. पुस्तिकेतल्या तक्त्यात प्रत्येक प्रोग्रॅमसमोर वेगळा आकडा असतो, तोच खरा. ब्लँकेटचं वजन करायला वेगळा काटा लागत नाही. आधी ते हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग न घेता. फरक म्हणजे ब्लँकेटचं वजन.

आता एक उदाहरण घ्या. मशीन ७ किलोचं फ्रंट लोड, ब्लँकेट डबल बेडचं, दोन पदरी, पॉलिस्टरचं, वजन साडेतीन किलो, आणि पुस्तिकेत ब्लँकेट प्रोग्रॅमसमोर आकडा अडीच किलो. सातातून साडेतीन गेले, निम्मं मशीन रिकामं, असा हिशोब इथे चालत नाही. तक्त्याप्रमाणे ते एक किलोने जास्त आहे, आणि ड्रममध्ये टाकलं तर छतापर्यंत भरतं, तळवा जातच नाही. हे ब्लँकेट या मशीनमध्ये धुवायचं नाही. त्याला लाँड्रीतलं मोठं मशीन किंवा न्हाणीघरातला टब. त्याच घरातलं दोन किलोचं सिंगल ब्लँकेट मात्र मर्यादेत बसतं, तळवाही आत जातो. ते लावा, पण एकटंच. उरलेल्या जागेत चादर टाकायचा मोह होतो. ती ब्लँकेटभोवती गुंडाळली जाते आणि दोघांचा एक दोर होतो. आणि वजन तक्त्यात बसलं तरी कोरडी चाचणी चुकवू नका. फुगीर ब्लँकेट वजनाने हलकं आणि आकाराने अवाढव्य असू शकतं. मर्यादा दोन आहेत, किलोची आणि जागेची, आणि दोन्ही पाळायच्या आहेत.

ब्लँकेटची गुंडाळी करून आत सारू नका. सापाच्या वेटोळ्यासारखं सैल, ड्रमच्या कडेकडेने सगळीकडे सारखं पसरवा. टॉप लोडमध्येही तसंच. मधोमध उभा दांडा असेल तर त्याला ते घट्ट वेढू नका. दाराच्या रबरात टोक अडकलेलं नाही ना, बोट फिरवून बघा. अडकलेलं टोक रबर फाडतं.

ड्रममध्ये वजन एका बाजूला जमलं की पिळण्याच्या वेळी मशीन हादरतं, जागचं सरकतं. आधुनिक मशीन आपणहून थांबतं, कपडे पुन्हा पसरवायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर पिळणंच रद्द करतं. काहींच्या पडद्यावर तेव्हा UE दिसतं. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका. दार उघडा, ब्लँकेट मोकळं करून पुन्हा पसरवा आणि फक्त स्पिन लावा, ६०० ते ८०० फेऱ्यांवर. त्याहून वेगाने नको. तरीही हादरे बसत असतील तर लगेच बंद करा. तो आवाज सहन करत राहिलात तर बेअरिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरवर येतं. आणि वॉटरप्रूफ अस्तराचं काहीही, गादीचं कव्हर असो वा बाळाची दुपटी, मशीनमध्ये पिळायचंच नाही. पाणी त्यात पिशवीसारखं साठतं, बाहेर पडत नाही, आणि वेगात मशीन उसळतं. इथे तडजोड नाही.

साबण नेहमीच्या निम्मा, शक्यतो द्रवरूप. जाड वस्तूतून फेस निघत नाही, म्हणून एक जास्तीचं खंगाळणं लावा. पाणी मशीन स्वतः ठरवत असेल तर फुगीर पण हलकी वस्तू बघून ते कमी पाणी घेतं. तेव्हा ब्लँकेट प्रोग्रॅम किंवा जास्त पाण्याचं बटण वापरा. टॉप लोडमध्ये पाण्याची पातळी हाताने सगळ्यात वर ठेवा.

उश्या. आत काय आहे ते लेबलवर आधी बघा. पॉलिस्टरच्या तंतूंची उशी चालते. मेमरी फोम आणि लेटेक्स नाही, ते मशीनमध्ये तुटतात. कापसाची उशीही नाही, कापसाचे गोळे होतात आणि आतून दिवसेंदिवस वाळत नाहीत. अभ्रा काढून शिवण ओढून बघा. टाके विरले असतील तर आधी शिवा, नाहीतर भरण ड्रमभर पसरेल. एका वेळी दोन उश्या, समोरासमोर. एकच असेल तर तोल सांभाळायला सोबत एक-दोन टॉवेल. इथेही आधी कोरडं टाकून बघायचं. दोन उश्या ड्रम गच्च भरत असतील तर एक उशी आणि टॉवेल.

खेळण्यांतून बॅटरीचा डबा, आवाजाची पेटी काढा. निघत नसेल तर मशीन नको. चिकटवलेले डोळे असतील तरी नको. बाकी सगळी जाळीच्या पिशवीत किंवा तोंड बांधलेल्या अभ्र्यात, थंड पाण्यात, नाजूक प्रोग्रॅमवर. पोटात प्लास्टिकचे दाणे असलेलं खेळणं ओलं झाल्यावर जड होतं. अशी दोन-तीन एकत्र लावू नका.

वाळवणं. उशी आडवी, दर काही तासांनी उलटी, आतले गोळे हाताने फोडत. वरून कोरडी लागली तरी मधोमध दाबून बघा. गारवा किंवा दमट वास आला तर ती ओलीच आहे. ब्लँकेट दोन दोऱ्यांवर पसरून, एकावर टाकलं तर ओल्या वजनाने दोरी झोल खाते. खेळणी जाळीवर आडवी, कानाला चिमटा नको.

मशीनचा फिल्टर उघडून ब्लँकेटचा लोकरी भुगा काढा. खाली फडकं आणि बशी ठेवा, पाणी येतं.

पुढच्या ब्लँकेटला, ते वेगळं असेल तर, पुन्हा कोरडी चाचणी. आधीचं बसलं म्हणून हेही बसेल असं धरू नका.