मनगटाचं प्लास्टर निघायच्या आधीच: छोट्या हॉस्पिटलात फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस कशी चालवायची

मी बीड जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात ऑर्थो ओपीडीला सिस्टर आहे. फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस म्हणजे ठिसूळ हाड मोडलेले पेशंट शोधून, तपासून, दुसरं हाड मोडू नये म्हणून त्यांना औषधावर टिकवायची सोय. तिचं नाव काढलं की लोकांना वाटतं मोठं डिपार्टमेंट लागतं, मशीन लागतं. तसं काही नाही, एक रजिस्टर, एक फोन आणि त्या रजिस्टरची जबाबदारी घेणारं एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडलं असेल तर ते हाड आधीच ठिसूळ झालेलं असू शकतं, आणि दुसरं फ्रॅक्चर व्हायचा धोका पहिल्या दोन वर्षांतच सगळ्यात जास्त असतो. म्हणून घाई करायची ती इथंच.

आधी पेशंट धरायचे. प्लास्टर रूमच्या रजिस्टरमधून रोज सकाळी पन्नाशीच्या पुढचे सगळे काढा आणि कसं पडलात हे स्वतः विचारा, कारण केसपेपरवर नुसतं 'फॉल' लिहिलेलं असतं, आता त्यात गाडीवरून पडलेलाही आला आणि न्हाणीत घसरलेलाही.

एका आजींचं उदाहरण सांगते. वय ७०, वजन ४२ किलो, ऑगस्टच्या शेवटी न्हाणीत पाय घसरला, हातावर पडल्या, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं या म्हणून सांगितलं. इथंच गडबड होते, प्लास्टर निघालं की पेशंट परत येत नाही. म्हणून तपासण्या पहिल्या दोन आठवड्यांतच उरकायच्या: कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज, थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि ईएसआर. हिमोग्लोबिन फार कमी आणि ईएसआर फार जास्त निघाला तर मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातला कॅन्सर, तर नाही ना हे डॉक्टरांनी बघायलाच पाहिजे, त्याला नुसतं वय झालं म्हणून सोडायचं नाही.

आजींना विचारलं, उंची कमी झाल्यासारखी वाटते का. त्या म्हणाल्या, "होय बाई, फळीवरचा डबा आता हाताला येईना." पाठीचा बाजूनं एक्स-रे काढला तर एक मणका आधीच दबलेला. असा दबलेला मणका किंवा खुब्याचं फ्रॅक्चर असलं की हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी वाट बघत बसायची गरज नसते, डॉक्टर हाडं बळकट करायचं औषध सुरू करू शकतात. नुसतं मनगट असतं तर डेक्साला पाठवलं असतं.

आता औषध कोणतं, तर इथं एक चूक फार सहज होते. क्रिएटिनिन १.० आलं, लॅबच्या कागदावर नॉर्मल. पण वयस्कर, हडकुळ्या बाईचं क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, म्हणून किडनी किती चालते याचा हिशोब करायचा:

(१४० − वय) × वजन × ०.८५ ÷ (७२ × क्रिएटिनिन)

०.८५ फक्त बायकांसाठी. आजींचं ७० × ४२ × ०.८५ भागिले ७२, म्हणजे ३४.७. पस्तीसच्या खाली वर्षातून एकदा लावायची झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन देत नाहीत आणि आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळीही टाळतात. डॉक्टरांनी मग डेनोसुमॅब ठरवलं, ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. पण त्याआधी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी भरून काढलं, कारण किडनी कमी चालत असली की या इंजेक्शननं कॅल्शियम खाली घसरू शकतं. इंजेक्शननंतर साधारण दोन आठवड्यांनी परत कॅल्शियम बघायचं, आणि ओठाभोवती मुंग्या आल्या किंवा हाताला पेटके आले तर लगेच या असं घरच्यांना सांगून ठेवायचं.

या औषधाची एक गोष्ट लई महत्त्वाची, ते मधेच सुटलं तर एकामागून एक मणके दबू शकतात. सहा महिन्यांचं सात महिन्यांच्या पुढं जाऊ द्यायचं नाही, आणि बंद करायचंच असेल तर डॉक्टरांनी त्याच्या जागी दुसरं औषध ठरवलेलं पाहिजे. म्हणजे ज्याचा फॉलोअप पक्का त्यालाच हे औषध झेपतं.

आणि फॉलोअप आपल्याकडं कुठं तुटतो? रजिस्टरमध्ये मुलाचा नंबर असतो, आणि मुलगा दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेला की घरी आजी आणि लेकरं, फोन मात्र कारखान्यावर. म्हणून नंबर तीन घ्यायचे: मुलाचा, शेजारच्या घरातला आणि आशाताईंचा. शेजारच्या आणि आशाताईंच्या नंबरावर तिथंच, पेशंटसमोर, एक मिसकॉल देऊन बघायचा, चुकीचा नंबर तेव्हाच कळतो.

तारखाही सीझन बघून ठरवल्या. प्लास्टर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघालं आणि त्याच फेरीत पहिलं इंजेक्शन दिलं, मग दुसरं एप्रिलच्या मध्यात येतं, तोवर बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. रजिस्टरला एप्रिलचं वेगळं पान केलं, त्यावर नाव लिहिलं आणि तारखेच्या तीन आठवडे आधी पहिला फोन. उचलला नाही तर दोन दिवसांनी शेजारी, तिथंही नाही तर आशाताई. आल्या नाहीत तर रकान्यात नुसतं 'आल्या नाहीत' लिहायचं नाही, का आल्या नाहीत तेच लिहायचं: पैसे, एसटी, सोबत कोणी नाही, का बरं वाटतंय म्हणून. आजींच्या रकान्यात 'सोबत कोणी नाही' आलं, म्हणून आशाताईंच्या त्या दिवशीच्या फेरीतच त्यांना आणायचं ठरलं आणि १८ एप्रिलला इंजेक्शन झालं.