हॉस्पिटलच्या बिलात न सांगितलेले चार्ज दिसले तर

डिस्चार्जच्या वेळी बिलात ‘मॉनिटर चार्ज’, ‘नर्सिंग चार्ज’ असे आकडे दिसतात आणि ॲडमिशनच्या वेळी ते कुणी सांगितलेले नसतात. काउंटरवर वाद घालण्याआधी हे करा.

१. तपशीलवार बिल मागा. ‘औषधे व साहित्य’ अशी एकच रक्कम असेल तर प्रत्येक वस्तूची नोंद मागा.

२. दरफलकाचा फोटो काढा. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार खाट, डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग, मॉनिटर, ऑक्सिजन अशा १५ बाबींचे दर दर्शनी भागात लावणे नर्सिंग होमना बंधनकारक आहे. फलकच नसेल तर तक्रारीत आधी तेच लिहा.

३. केसपेपर आणि नर्सच्या नोंदींची प्रत लेखी मागा. ती डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते. खरी चूक इथेच सापडते. समजा, रुग्ण दोन दिवस आयसीयूत आणि तीन दिवस वॉर्डात होता, पण मॉनिटर चार्ज पाच दिवसांचा लागला. वॉर्डाच्या नोंदींत मॉनिटर नसेल, तर तीन दिवसांची रक्कम कमी करायला सांगा.

४. हरकत लेखी द्या, पोच घ्या. उत्तर मिळाले नाही तर महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे, नसल्यास जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा.

घाईत पैसे भरावेच लागले तर ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असे अर्जात लिहून त्याची पोच घ्या. ‘बिल मान्य’ असे छापलेल्या कागदावर मात्र तसेच सही करू नका.