गुंतवणूक डॉलरमध्ये, पगार रुपयांत: डॉलर कधी मोडायचे आणि किती

या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला दोन वाक्यांत मावतो: "रुपया पडतच असतो, डॉलर धरून ठेवा" आणि "भाव चांगला आला की मोडा". दोन्ही वाक्यांनी पगाराच्या आठवड्यात लोकांना घाम फोडला आहे. खालची पद्धत एका नेहमीच्या रचनेसाठी आहे. मूळ कंपनी अमेरिकेत डेलावेअरला नोंदलेली, गुंतवणूकदाराचे पैसे तिच्या खात्यात आलेले, आणि माणसे सोलापुरातल्या प्रायव्हेट लिमिटेड उपकंपनीत काम करणारी.

गुंतवणूक थेट सोलापूरच्या कंपनीत आली असेल, तर फारसे ठरवायचे उरत नाही. परकीय गुंतवणुकीची रक्कम ईईएफसी खात्यात, म्हणजे निर्यातीची कमाई डॉलरमध्येच ठेवता येणाऱ्या इथल्या खात्यात, जमा करता येत नाही. ती आली की मोडायची, पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर द्यायचे आणि शेअर दिल्यापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरायचा. तुमच्या हातात फक्त बँकेशी दराची घासाघीस राहते. त्यासाठी चौथी पायरी वाचा, बाकी सोडा.

1. खर्चाचे दोन ढीग करा

एक उदाहरण धरून चालू. टॉवेल आणि गणवेश कारखान्यांच्या ऑर्डरी सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी, खात्यात 12 लाख डॉलर. सोलापूरचा महिन्याचा खर्च 42 लाख रुपये: पगार, पीएफ, होटगी रोडवरच्या जागेचे भाडे, वीज. सर्व्हर आणि अमेरिकेतला हिशेबनीस मिळून महिन्याला 9,000 डॉलर. हिशेबासाठी डॉलर 90 रुपये.

ते 9,000 डॉलर कधीच मोडायचे नाहीत. रुपयांत आणून परत डॉलरमध्ये बिल भरणे म्हणजे बँकेला दोन्हीकडून मार्जिन देणे.

रुपयांच्या ढिगात एक खर्च हमखास राहून जातो. उपकंपनी मूळ कंपनीला बिल लावते ते खर्च अधिक नफा अशा दराने. हा टक्का सीएकडून ठरवून करारात लिहिलेला असतो. समजा तो 12 टक्के आहे. मग बिल होते 47.04 लाखांचे, म्हणजे सुमारे 52,270 डॉलरचे. त्यातला 5.04 लाखांचा नफा कागदावरचा असला तरी त्यावर 25.17 टक्क्यांनी 1.27 लाख कर खरोखर जातो. उरलेले 3.77 लाख सोलापूरच्या खात्यात साचत राहतात. म्हणून रुपयांची खरी गरज 43.27 लाख, म्हणजे 48,080 डॉलर. सर्व्हर वगैरे धरून महिन्याला 57,080 डॉलर जातात आणि 12 लाख डॉलर 21 महिने पुरतात.

2. सुरुवातीला तीन महिन्यांचा साठा आणा

तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे 1.26 कोटी रुपये (1,40,000 डॉलर), उपकंपनीत भांडवल म्हणून एकदाच पाठवा आणि तीन वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत ठेवा. एफसी-जीपीआर इथेही लागतो.

सहा महिन्यांचा का नाही? सोलापुरात भांडवल म्हणून आलेला पैसा परत मूळ कंपनीकडे नेणे हे वेळखाऊ आणि करकटकटीचे काम आहे. धंद्याची दिशा बदलली, अमेरिकेत विक्रीसाठी दोन माणसे घ्यायची वेळ आली, तर अडकलेला पैसा बघत बसावे लागते. एका महिन्याचा साठाही नको. तेवढ्यावर अमेरिकेहून येणारी एखादी वायर चार दिवस अडकली, की तुम्ही त्या दिवशी मिळेल त्या दराला डॉलर मोडता.

3. तारीख ठरवा, भाव पाहत बसू नका

सगळी गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

घडते ते असे. महिन्याच्या 12 तारखेला डॉलर 90.40 असतो. संस्थापक म्हणतात, 91 येऊ दे. 18 तारखेला 89.90 होतो, आता "वर आला की मोडू". 28 तारीख उजाडते, पगार दोन दिवसांवर, दर 89.60. हिशेबनीस दुपारी दोनला बँकेला फोन करतो आणि बँक जो दर देईल तो घेतो. 80 पैसे बाजारात गेले, वर घाईमुळे 50 पैसे बँकेला. भाव ओळखण्यात चूक झाली हे खरे दुखणे नाही. पगाराच्या दोन दिवस आधी तुम्ही निवड करण्याच्या स्थितीतच नव्हता, ते दुखणे आहे.

"रुपया पडतोच" हे लांबच्या मुदतीत खरे आहे, पण पगार दर महिन्याला असतो. 2013 च्या ऑगस्टअखेर डॉलर 68 च्या वर गेला आणि ऑक्टोबरात 62 च्या आसपास परत आला. 2025 च्या फेब्रुवारीत तो 88 च्या अगदी जवळ होता, मेच्या सुरुवातीला 84 ते 84.50 वर, आणि डिसेंबरात 90 च्या पार. फेब्रुवारीत "आणखी वाढेल" म्हणून थांबलेल्याचे अंतिम भाकीत बरोबर ठरले, पण मेचे पगार त्याने साडेतीन रुपये कमी घेऊन दिले.

दुसरी गोष्ट व्याजाची. ती जवळपास कोणीच हिशेबात घेत नाही. समजा अमेरिकेत अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांवर 4 टक्के मिळतात आणि इथल्या ठेवीवर साडेसहा. आज 90 ला मोडून ठेवलेला पैसा आणि डॉलरमध्ये ठेवलेला पैसा वर्षाने बरोबरीत येण्यासाठी डॉलर 90 × 1.065 ÷ 1.04, म्हणजे 92.16 व्हावा लागतो. तो 91.50 झाला तर रुपया पडला, तुम्ही खूश झालात, आणि तरीही तोटा झाला. आजचे व्याजदर घालून हे सूत्र एकदा स्वतः सोडवा. "डॉलर धरून ठेवा" म्हणणाऱ्याला त्याचा बरोबरीचा दर विचारा. सहसा तो सांगता येत नाही.

आणि या सगळ्या तगमगीची किंमत किती? डॉलर 90 वरून 86 ला घसरला आणि तिथेच राहिला, तर आपले 21 महिने 20.2 होतात. 94 ला चढला तर 21.8. इकडे किंवा तिकडे साधारण चोवीस दिवस. महिना दोन लाखांची एक नेमणूक टाळली तरी तेवढा फरक पडतो. सोलापुरात टॉवेलचा कारखानदार सुताचा भाव उतरेल म्हणून माग बंद ठेवत नाही. हेही तसेच आहे.

म्हणून नियम लिहून ठेवा आणि संचालकांच्या सह्या घ्या. मागच्या महिन्याचे बिल 5 तारखेला. वायर 15 पर्यंत. 20 तारखेला, सुट्टी असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, पूर्ण बिलाचे डॉलर मोडायचे, भाव काहीही असो. सवलत एकाच दिशेने: दर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा दोन टक्के वर असेल, तर पुढच्या महिन्याचे निम्मे डॉलर फॉरवर्डने, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आज पक्का करून, आजच विकून ठेवायचे. दर खाली आहे म्हणून कमी मोडायची मुभा मात्र कधीच नाही. ती एकदा दिली की नियम संपला.

थांबायची फारच हौस असेल तर डॉलर मूळ कंपनीत थांबवा, ईईएफसीत नाही. बिलाचे पैसे ईईएफसीत पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ठेवता येतात, पण त्यावर व्याज शून्य. चार टक्क्यांच्या हिशेबाने दोन महिन्यांत डॉलरमागे 60 पैसे असेच जातात.

4. बँकेचे मार्जिन: इथे खरा पैसा आहे

बँकेला आधी लेखी कळवा: आमची परकीय रक्कम आमच्या सूचनेशिवाय मोडू नये. हे पत्र नसेल तर रक्कम आली की बँक आपल्या कार्ड रेटने, म्हणजे सगळ्यांसाठी छापलेल्या दराने, परस्पर मोडून खात्यात रुपये टाकते, आणि मग भांडून उपयोग नसतो.

शाखेत दर ठरत नाही. सोलापूरच्या बहुतेक शाखा परकीय चलनाचे काम पुण्याच्या किंवा मुंबईच्या डेस्ककडे पाठवतात. त्या डेस्कचा थेट नंबर मागून घ्या. सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यान फोन करा आणि असे विचारा: "52 हजार डॉलर विकायचेत, कॅश व्हॅल्यू. आंतरबँक किती, आणि तुमचे किती पैसे?" दर एकत्र सांगू देऊ नका. बँका आपसात लावतात तो आंतरबँक दर आणि तुमच्याकडून घ्यायचे मार्जिन, हे दोन आकडे वेगळे मागा. बातम्यांतला दर स्पॉटचा, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी पैसे मिळण्याचा असतो. कॅश व्हॅल्यूने, म्हणजे त्याच दिवशी, रुपये हवेत तर दोन-तीन पैसे कमी मिळणे रास्त आहे. म्हणजे पडद्यावर 90.12 असताना हातात 90.02 पडले, तर मार्जिन सात-आठ पैसे. ठीक आहे. 89.50 सांगितला तर साठ पैसे खाल्ले.

साठ आणि आठ यातला फरक 52,270 डॉलरवर महिन्याला 27,000 रुपये, वर्षाला सव्वातीन लाख. त्यासाठी कोणतेही भाकीत लागत नाही.

ताकद कशी आणायची? क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एफएक्स-रिटेल या मंचावर बँकेमार्फत नोंदणी करा. 2019 पासून तिथे छोट्या ग्राहकालाही बाजाराचा दर पडद्यावर दिसतो आणि बँकेने फक्त आधी ठरलेले मार्जिन लावायचे असते. आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल निर्यातदाराच्या हिशेबनिसाला चहाला बोलवा. कोणती बँक किती पैशांवर येते हे त्याला तोंडपाठ असते.

"दर महिन्याला मोडलेत तर जीएसटी जास्त लागेल, तिमाहीला मोडा" या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा. 47 लाख मोडल्यावर जीएसटी सुमारे 1,650 रुपये लागतो. तीन महिन्यांचे एकदम मोडून तिमाहीत सोळाशे रुपये वाचतात.

5. फॉरवर्ड, बेताने

वरच्या व्याजदरांवर तीन महिन्यांनंतरचा डॉलर आज विकला, तर दर स्पॉटपेक्षा साधारण 55 पैसे जास्त मिळतो. ही बक्षिसी नव्हे, व्याजातला फरक आहे. निम्म्यापेक्षा जास्त बिलाचे फॉरवर्ड करू नका. एक लाख डॉलर विकून ठेवले आणि मूळ कंपनीने बिल कमी केल्यामुळे साठ हजारच आले, तर उरलेले चाळीस हजार त्या दिवशीच्या दराने रद्द करावे लागतात. डॉलर चढलेला असेल तर ती भरपाई खिशातून जाते.

6. दर तिमाहीला साठा तपासा

ते साचणारे 3.77 लाख आठवतात? अकरा महिन्यांत त्यांतून जवळपास एका महिन्याच्या खर्चाइतकी रक्कम साचते. बिलातला नफ्याचा टक्का मनाने कमी करू नका, त्यावर कर खात्याचे लक्ष असते. साठा चार महिन्यांच्या वर गेला की मुदत संपलेली एक ठेव पगारात वापरा आणि त्या महिन्याचे बिल नेहमीच्या तारखेला लावून वायर मात्र पुढच्या महिन्यात मागवा.