उभा सिलिंडर आणि गोळा: नॅचरल कन्व्हेक्शनमधल्या या चुका टाळा

हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये एक उभी पितळी नळी असते. व्यास ३८ मिमी, उंची अर्धा मीटर, आत हीटर, अंगावर थर्मोकपल आणि भोवती वरून-खालून उघडी पेटी. दरवर्षी मुलं या नळीवर त्याच दोन-तीन चुका करतात. त्यातल्या दोन चुका एकमेकींना इतक्या बेमालूम झाकतात की जर्नलवर सही होऊन जाते आणि कुणाच्या काही लक्षातही येत नाही.

एकदा ओरलला एक मुलगा अगदी ठाम होता. पृष्ठभाग ९० अंश, हवा ३० अंश, हीटरला जाणारे वॅट ३६. क्षेत्रफळ ०.०५९७ चौ. मी. ३६ ला क्षेत्रफळाने आणि ६० अंशांच्या फरकाने भागलं, कन्व्हेक्शनचा गुणांक h आला १०. थिअरीचा h साडेआठ. "सर, पंधरा टक्के एरर. थोडा हीट लॉस." मी विचारलं, सूत्रात लांबी कुठली घातलीस? "डायमीटर, सर. सिलिंडरला डायमीटरच असतो ना?"

आडव्या सिलिंडरला असतो, कारण तिथे गरम हवा नळीच्या घेराला वळसा घालून वर जाते. उभ्या नळीवर ती खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत अंगाला चिकटून चढते आणि तिचा थर चढता चढता जाड होत जातो. म्हणून इथे लांबी म्हणजे उंची. त्या मुलाने उभ्या प्लेटचं सूत्र बरोबर निवडलं होतं, पण त्यात ०.५ ऐवजी ०.०३८ घातलं. उंची घालून तेच सूत्र चालवलं की h येतो ४.२. म्हणजे त्याची 'थिअरी' दुप्पट फुगलेली होती.

मग प्रयोगाचे १० कुठून आले? ३६ वॅटमधले जवळपास निम्मे कन्व्हेक्शनचे नव्हतेच. ते रेडिएशनचे होते. नळीचं पितळ काळवंडलेलं होतं. त्याची एमिसिव्हिटी ०.६ धरली तर ९० अंशांचा पृष्ठभाग ३० अंशांच्या भिंतींकडे सुमारे १८ वॅट टाकतो. उरले १८ वॅट. त्यावरून h काढला की ५ येतो. एका चुकीने थिअरी वर गेली, दुसरीने प्रयोग वर गेला, दोघं वरच्या मजल्यावर भेटले आणि एररला 'हीट लॉस' असं गोंडस नाव मिळालं.

हवेतल्या नॅचरल कन्व्हेक्शनचा h बहुतेक वेळा चार ते दहाच्या आसपास असतो, आणि रेडिएशनचा त्याच्याच पंगतीला बसतो. म्हणून माझी सवय अशी की सूत्राचं पान उघडण्याआधी रेडिएशनचा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकायचा. हीच नळी चकचकीत घासली, एमिसिव्हिटी ०.१ वर आली, तर रेडिएशन ३ वॅट. मॅट काळा रंग दिला तर २८ च्या पुढे. एमिसिव्हिटी ०.६ ऐवजी ०.५ धरली तरी प्रयोगाचा h ५ वरून ५.८ ला जातो. तेव्हा 'पितळ' एवढं वाचून तक्त्यातला पॉलिश केलेल्या पितळाचा आकडा उचलू नका, नळीकडे डोळ्यांनी बघा.

आता निवडीचा खरा प्रश्न. उभ्या सिलिंडरला प्लेटचं सूत्र चालतं, पण सिलिंडर पुरेसा जाड असेल तरच. कसोटी अशी:

```
D/L >= 35 / Gr_L^(1/4)
```

आपल्या नळीला लावू. फिल्म तापमान, म्हणजे पृष्ठभाग आणि हवा यांची सरासरी, ६० अंश, म्हणजे ३३३ केल्विन. तिथे हवेची उष्णतावाहकता k ०.०२८१, कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ν १.९ × १०⁻⁵ आणि प्रांटल अंक Pr ०.७२. ग्रॅशॉफ अंक Gr येतो सुमारे ६.१ × १०⁸, त्याचं चौथं मूळ १५७. ३५ ला १५७ ने भागून उंचीने गुणलं की किमान व्यास निघतो १११ मिमी. आपली नळी ३८ मिमीची, म्हणजे नापास. वरच्या टोकाशी गरम हवेचा थर वीस-बावीस मिमी जाड होतो आणि नळीची त्रिज्या आहे १९. थर त्रिज्येएवढा झाला की पृष्ठभाग सपाट धरण्यात अर्थ नाही. वक्रतेमुळे उष्णतेला बाहेर पसरायला जास्त जागा मिळते, h वाढतो. लॅमिनार प्रवाहासाठी मी ल फेव्हर आणि ईड यांचं १९५६ चं सूत्र वापरतो:

```
Nu_L = (4/3)*[7*Ra_L*Pr / (5*(20+21*Pr))]^(1/4)
       + [4*(272+315*Pr) / (35*(64+63*Pr))]*(L/D)
```

रॅले अंक Ra म्हणजे Gr गुणिले Pr, तो येतो ४.४ × १०⁸, म्हणजे १०⁹ च्या खाली, लॅमिनार. पहिलं पद ७९.६, दुसरं ६.९, नुसेल्ट अंक Nu ८६.५. h ४.८६ आणि कन्व्हेक्शन १७.४ वॅट. प्लेटच्या सूत्राने १५.२ आले असते. फरक पंधरा टक्क्यांच्या घरात आहे. तीच उंची ठेवून नळी बारीक केली की दुसरं पद झपाट्याने वाढतं, कारण त्यात L/D आहे. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये 'व्हर्टिकल सिलिंडर' निवडून एंटर दाबणाऱ्यांनी आत ही कसोटी लावली आहे का ते आधी बघावं. बऱ्याचदा आत नुसती प्लेटच असते.

गोळ्याचं काम सोपं आहे. तिथे लांबी म्हणजे व्यासच, आणि चर्चिल यांचं सूत्र Ra १०¹¹ पर्यंत चालतं:

```
Nu_D = 2 + 0.589*Ra_D^(1/4) / [1+(0.469/Pr)^(9/16)]^(4/9)
```

तरी सुरुवातीचे २ गाळणारे भेटतातच. "एवढ्याशा दोनाने काय होतंय?" ५० मिमीच्या गोळ्याला, याच तापमानांना, Nu येतो १३.७. h ७.७, कन्व्हेक्शन ३.६ वॅट. दोन गाळले तर १५ टक्के कमी. पण २ मिमीच्या मण्याला पूर्ण Nu-च ३ च्या आसपास असतो, तिथे दोन गाळणं म्हणजे दोन तृतीयांश उत्तर फेकून देणं. ते २ म्हणजे हवा हललीच नाही तरी नुसत्या कंडक्शनने जाणारा वाटा. आणि गोळ्याचं क्षेत्रफळ πD². 4πD² लिहिणाऱ्यांचं उत्तर चौपट येतं.

Gr मधला हवेचा प्रसरण गुणांक β म्हणजे एक भागिले तापमान, आणि ते तापमान केल्विनमध्ये, तेही फिल्मचं. १/६० लिहिलेलं मी अजूनही पाहतो.

घाई करणाऱ्यांसाठी एक आकडा. अशा नळीचं पितळ साधारण एक किलो धरा, ते दर अंशाला सुमारे ३७० जूल पिऊन घेतं. रीडिंग घेताना तापमान मिनिटाला एक अंश वाढत असेल, तर ३६ पैकी ६ वॅट अजून नळी तापवण्यातच चाललेत आणि तुम्ही ते हवेच्या खात्यावर लिहिताय. वीस मिनिटांत उरकून कँटीन गाठणाऱ्या बॅचचा h जास्त येतो तो यामुळेच.

आणि पंखा बंद करा. अर्धा मीटर प्रति सेकंद एवढी वर जाणारी झुळूक असली तरी या नळीसाठी Gr/Re² साडेतीनच्या आसपास येतो. तो दहाच्या वर असेल तरच हवा 'स्थिर' म्हणायची, नाहीतर मिक्स्ड कन्व्हेक्शनचा हिशेब मांडायचा.